अंगठा कुठे थबकतो

इन्स्टाग्रामवर एकाच पोस्टमध्ये अनेक चित्रं टाकायची आणि बघणाऱ्यानं ती बोटानं एकामागून एक सरकवायची, ही सोय फेब्रुवारी २०१७ मध्ये आली. तेव्हा एका पोस्टमध्ये दहा चित्रं बसत, ऑगस्ट २०२४ पासून वीस बसतात. या प्रकाराला कॅरोसेल म्हणतात. घरगुती फराळ विकणाऱ्या ताईंपासून बँकांपर्यंत सगळे आज कॅरोसेल करतात आणि बहुतेक जण तो एकाच पद्धतीनं तपासतात. एकेक स्लाइड उघडायची, ही छान झाली म्हणायचं, ती जरा भरगच्च वाटते म्हणायचं, शुद्धलेखन बघायचं आणि पोस्ट टाकून द्यायची.

या तपासणीत मुख्य गोष्टच सुटते. वाचणारा माणूस स्लाइड सोडून जातो तो दोन स्लाइड्सच्या मधल्या क्षणी. पहिली बघून झालेली असते, दुसरी अजून आलेली नसते आणि अंगठा पुढे सरकवायचा की वर, एवढाच निर्णय असतो. वर सरकवला की पोस्ट गेली. म्हणून कॅरोसेल पारखायचा तो या सांध्यांवर. आठ स्लाइड्स असतील तर सात सांधे, आणि आठव्या स्लाइडनंतर आणखी एक, जिथे वाचणाऱ्यानं काहीतरी करायचं असतं.

यासाठी एक नमुना घेऊन तो शेवटपर्यंत तपासू. देवगडचे एक बागायतदार आहेत असं धरू. ते पाच डझनाच्या पेट्या थेट मुंबई-पुण्यात पाठवतात. मार्चअखेरीस त्यांनी नऊ स्लाइड्सचा कॅरोसेल करून घेतला. विषय चांगला आहे: कच्च्या हापूसची पेटी घरी आली की आंबे नीट कसे पिकवायचे. स्लाइड्सचा क्रम असा. पहिलीवर बागेचा फोटो, मोठा लोगो आणि ‘अस्सल चव, थेट बागेतून’ ही ओळ. दुसरीवर घराण्याची तीन पिढ्यांची माहिती. तिसरीवर हापूसला २०१८ मध्ये मिळालेल्या भौगोलिक मानांकनाविषयी परिच्छेद. चौथीवर पेटी उघडून आंबे बाहेर काढायची सूचना, पाचवीवर पेंढ्यात अढी कशी घालायची ते, सहावीवर ‘रोज तपासा’, सातवीवर ‘कच्चा आंबा फ्रिजमध्ये ठेवू नका’, आठवीवर आंबा पिकल्याच्या खुणा. नववीवर धन्यवाद, आणि खाली लाइक करा, शेअर करा, सेव्ह करा, फॉलो करा, मेसेज करा, फोन नंबर आणि ‘लिंक बायोमध्ये’.

एकेक स्लाइड पाहिली तर यात फारसं खटकण्यासारखं नाही. फोटो छान आहेत, माहिती खरी आहे. आता सांध्यांकडे बघू.

सगळ्यात सोपी आणि सगळ्यात कठोर चाचणी कागदावर होते. चित्रं बाजूला ठेवायची आणि प्रत्येक स्लाइडचं फक्त शीर्षक एकाखाली एक लिहून मोठ्यानं वाचायचं. ‘अस्सल चव, थेट बागेतून. आमची तीन पिढ्यांची परंपरा. हापूसला मानांकन. पेटी उघडा.’ तिसऱ्या आणि चौथ्या ओळीच्या मधे वाचताना ठेच लागते. तिथपर्यंत विकणारा स्वतःविषयी बोलत होता, तिथून पुढे अचानक वाचणाऱ्याच्या घरातल्या पेटीविषयी बोलायला लागला. गैरसोय अशी की वाचणाऱ्याच्या कामाची पहिली गोष्ट चौथ्या स्लाइडवर आहे आणि तिथवर जाण्याचं कारण आधीच्या तिन्हींनी दिलेलंच नाही. पहिली स्लाइड कुठलाच प्रश्न उभा करत नाही. ‘अस्सल चव’ वाचून मान डोलावता येते, पण पुढे काय असेल ही उत्सुकता वाटत नाही.

पहिल्या स्लाइडला कव्हर म्हणतात आणि तिचं काम एकच: आत काय मिळणार ते सांगायचं, पण ते देऊन टाकायचं नाही. ‘हापूसची पेटी घरी आली. पिकेपर्यंत काय करायचं?’ ही ओळ ते काम करते. ज्याच्या घरात पेटी येऊन पडली आहे किंवा येणार आहे, त्याला हा आपलाच प्रश्न वाटतो. लोगो खाली कोपऱ्यात लहान असला तरी चालतो, कारण खात्याचं नाव पोस्टच्या वर इन्स्टाग्राम स्वतःच दाखवतं.

दुसऱ्या स्लाइडची जबाबदारी पुष्कळांना माहीत नसते. एखाद्यानं कॅरोसेल पाहिला पण सरकवला नाही, तर इन्स्टाग्राम अनेकदा तीच पोस्ट त्याला पुन्हा दाखवतं आणि त्या वेळी समोर दुसरी स्लाइड ठेवतं. म्हणजे काही वाचकांसाठी दुसरी स्लाइड हेच कव्हर. आपल्या नमुन्यात त्यांच्यापुढे काय येतं? तीन पिढ्यांची परंपरा. म्हणून दुसरी स्लाइड एकटी उभी राहते का, हे वेगळं तपासावं लागतं. तिच्यावर नुसतं ‘आधी बाहेर काढा’ असं लिहून भागत नाही, कारण पहिली न वाचलेल्याला काय बाहेर काढायचं ते कळणार नाही. ‘हापूसची पेटी आली? पहिल्या दिवशी हे करा’ असं लिहिलं की दोन्ही बाजूंनी येणारा वाचक सामावतो.

पुढचा दोष अधिक बारीक आहे. सहावी स्लाइड सांगते, रोज तपासा. वाचणाऱ्याच्या मनात लगेच येतं, काय तपासू? त्याचं उत्तर आठवीवर आहे. मधे सातवी फ्रिजविषयी बोलते. प्रश्न उभा राहिला आणि लगेच दुसराच विषय निघाला, की वाचणाऱ्याला वाटतं उत्तर मिळणारच नाही. शिवाय फ्रिजची सूचना वेळेच्या हिशेबानंही चुकीच्या जागी आहे. कच्चा आंबा थंडीत नीट पिकत नाही. पण आंबे फ्रिजमध्ये घालण्याचा मोह पेटी आल्याच्या दिवशीच होतो, अढी घालून चार दिवस झाल्यावर नाही. म्हणून ही सूचना तिसऱ्या जागी हवी. तिच्या शेवटी आपोआप प्रश्न उरतो: मग ठेवायचे कुठे? चौथी स्लाइड म्हणते, भाताच्या पेंढ्यात, पेंढा नसेल तर वर्तमानपत्रात गुंडाळून, हवा खेळत्या जागी. पाचवी म्हणते, रोज एकदा बघा आणि तयार झालेले आंबे वेगळे काढा, कारण पिकणाऱ्या फळातून निघणारा इथिलीन वायू बाकीच्यांनाही घाईनं पिकवतो. आता तयार झालेला ओळखायचा कसा? सहावी: देठाजवळ गोड वास, हिरव्याचा पिवळा-केशरी होत गेलेला रंग, बोटाखाली किंचित दबणारं फळ. प्रत्येक स्लाइडनं एक गोष्ट पूर्ण दिली आणि एकच प्रश्न पुढे ढकलला.

क्रम खरोखर घट्ट आहे का, हे बघायला दोन शेजारच्या स्लाइड्सची अदलाबदल करून पाहावी. काहीच बिघडलं नाही तर त्या दोघींमध्ये सांधा नाही. याचा अर्थ कॅरोसेल वाईट आहे असा मात्र नाही. ‘मान्सूनमध्ये पाहण्यासारखे पाच किल्ले’ अशा यादीत किल्ले कुठल्याही क्रमानं चालतात. तिथे वाचणाऱ्याला पुढे नेणारी गोष्ट म्हणजे ‘पाचांतला तिसरा’ हा ठळक आकडा, आणि यादीतलं सगळ्यात चांगलं नाव अगदी सुरुवातीला न संपवण्याची दक्षता. पण कृती सांगणाऱ्या कॅरोसेलमध्ये स्लाइड्स हलवता येत असतील तर लेखकानं क्रमाचा विचारच केलेला नाही, असं मी धरते.

सरकवायला लावणारी एक दृश्य युक्तीही फार चालते. आंब्यांची रांग किंवा एखादी रेघ पहिल्या स्लाइडच्या उजव्या कडेला अर्धी कापायची आणि उरलेली दुसरीच्या डाव्या कडेला दाखवायची. डोळ्याला ते अर्धं फळ पूर्ण करावंसं वाटतं. युक्ती चांगली आहे, पण ती मापाला पक्की असावी लागते. तीन स्लाइड्स मिळून ३२४० पिक्सेल रुंद कॅनव्हास करून तो बरोबर १०८० वर कापला, तर जोड दिसत नाही. तीन-चार पिक्सेल जरी इकडेतिकडे झाले तरी सरकवताना रेघ उडी मारते. आणि अक्षर कधीही कापावर आणू नये. पहिली स्लाइड खात्याच्या पानावर एकटीच दिसते, तिथे कापलेला आंबा चालतो, पण अर्धा ‘हापूस’ चालत नाही.

मापाचा विषय निघालाच आहे तर सारखेपणाकडे वळू, कारण त्यातले निम्मे दोष मापाचे असतात. पहिल्या चित्राचं जे आकारमान, तेच पूर्ण कॅरोसेलला लागतं. कव्हर चौकोनी, १०८० बाय १०८०, आणि बाकीच्या स्लाइड्स उभ्या, १०८० बाय १३५०, असं झालं तर उभ्या स्लाइड्सचे वरचे आणि खालचे १३५-१३५ पिक्सेल छाटले जातात. शीर्षक नेमकं वरच असतं. जानेवारी २०२५ पासून खात्याच्या पानावरची छोटी चित्रंही चौकोनी राहिलेली नाहीत, तीनास चार या प्रमाणात उभी दिसतात. त्यामुळे १०८० बाय १३५० च्या कव्हरच्या दोन्ही बाजूंचे साधारण ३४ पिक्सेल तिथे झाकले जातात. कडेपासून ऐंशी-शंभर पिक्सेल मोकळे सोडले की ही चिंता मिटते. वर उजव्या कोपऱ्यात स्लाइडचा आकडा दाखवणारी लहान चकती थोडा वेळ येते, तिथेही मजकूर नको.

सगळ्या स्लाइड्सवर रंग एकच ठेवला म्हणजे सारखेपणा आला, अशी समजूत असते. डोळ्याला मात्र रंगाआधी जागा कळते. सरकवताना नजर पडद्यावर एका ठिकाणी स्थिर असते आणि चित्र तिच्याखालून जातं. एका स्लाइडवर शीर्षक वरून दीडशे पिक्सेलवर, पुढच्या स्लाइडवर दोनशेवर असेल तर ते खाली घसरल्यासारखं दिसतं. शेजारी ठेवलेल्या दोन चित्रांत हा फरक जाणवत नाही. फोनवर पोस्ट मसुदा म्हणून ठेवून पटापट पुढेमागे सरकवलं की लगेच जाणवतो. म्हणून ही तपासणी संगणकाच्या पडद्यावर करू नये.

देवनागरीत एक खास अडचण येते आणि ती मराठी कॅरोसेलमध्ये मला वारंवार दिसते. डिझाइन करणारा एखादा देखणा इंग्रजी फॉन्ट निवडतो. त्यात देवनागरी अक्षरं नसतात, त्यामुळे मराठी मजकूर टाकला की सॉफ्टवेअर गुपचूप दुसरा फॉन्ट वापरतं. एका स्लाइडवर एक, दुसऱ्या संगणकावर दुरुस्त केलेल्या स्लाइडवर दुसरा. वाचणाऱ्याला नाव सांगता येत नाही, पण एका स्लाइडवरचा ‘ल’ मराठी वळणाचा आणि दुसरीवरचा हिंदी वळणाचा, एकीची शिरोरेघ जाड आणि दुसरीची बारीक, हे दिसतं आणि पोस्ट घाईत केल्यासारखी वाटते. उपाय म्हणजे सुरुवातीलाच देवनागरीसाठी बनवलेला फॉन्ट घ्यायचा. मुंबईच्या ‘एक टाइप’नं केलेले मुक्त किंवा बालू हे फॉन्ट फुकट मिळतात. निवडल्यावर त्यात ‘पिकणाऱ्या’ आणि ‘सगळ्या’ असे शब्द टाइप करून बघायचे. ‘ऱ्या’ मोडत असेल तर फॉन्ट बदलायचा.

अक्षराचा आकारही याच वेळी बघावा. फोनवर १०८० पिक्सेलचं चित्र साधारण सात सेंटिमीटर रुंद दिसतं. म्हणजे ३० पिक्सेलचं अक्षर दोन मिलिमीटरच्या आत-बाहेर येतं, आणि त्यातच वरची वेलांटी नि खालचा उकारही बसवायचा असतो. मराठी मजकुरासाठी मी ४० च्या खाली जात नाही आणि दोन ओळींत इंग्रजीपेक्षा जास्त अंतर ठेवते, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो. तिसऱ्या स्लाइडवरचा मानांकनाचा परिच्छेद या मापात बसतच नाही. न बसणारा मजकूर लहान करण्याऐवजी तो काढायचा की दोन स्लाइड्सवर वाटायचा, हे ठरवावं लागतं. इथे काढलेला बरा, एक ओळ शेवटी ठेवून.

भाषेचा सारखेपणा तपासताना मी तीन गोष्टी शोधते. वाचणाऱ्याला एकदा ‘तुम्ही’ म्हटलं की शेवटपर्यंत तुम्हीच. ‘पेटी’ म्हटलं की मधेच ‘बॉक्स’ नको, नाहीतर या दोन वेगळ्या वस्तू आहेत का असा प्रश्न पडतो. आणि आकडे सगळीकडे एकाच लिपीत. पण सगळंच सारखं ठेवलं तरी डोळा झोपतो. प्रत्येक स्लाइडवर एक गोष्ट बदलायला हवी आणि ती म्हणजे मधला फोटो. तो दर वेळी कृतीची पुढची पायरी दाखवतो आणि वाचणाऱ्याला आपण पुढे चाललो आहोत हे कळतं. फक्त सगळे फोटो एकाच उजेडात काढलेले हवेत. सकाळच्या खिडकीतला आंबा आणि रात्रीच्या ट्यूबलाइटखालचा आंबा वेगवेगळ्या रंगाचे दिसतात, आणि इथे रंग हीच माहिती आहे.

आता शेवटची स्लाइड. वाचणाऱ्यानं पुढे काय करायचं ते सांगणाऱ्या मजकुराला या व्यवसायात सीटीए म्हणतात. आपल्या नमुन्यात त्या एकाच स्लाइडवर सात गोष्टी मागितल्या आहेत. सात मागण्यांतून एक निवडणं हे वाचणाऱ्यासाठी कामच होतं आणि तो काहीच न करता निघून जातो. बागायतदारांना नक्की काय हवं आहे? पेटीची ऑर्डर. मग बाकी सगळं काढायचं. ‘सेव्ह करा’ ही मागणी खरं तर योग्य आहे, कारण पेटी आल्यावर ही कृती पुन्हा लागणार. पण तिची जागा कॅप्शनमध्ये आहे.

एकच मागणी ठेवली म्हणजे झालं असंही नाही. ती आधीच्या मजकुरातून उगवावी लागते. सहा स्लाइड्स आंबे पिकवायला शिकवल्या आणि सातवीवर एकदम ‘ऑर्डर करा’ म्हटलं, तर शेवटचा सांधा तुटतो. शिवाय पिकवण्याची माहिती शोधणाऱ्याच्या घरी बहुधा पेटी आलेलीच असते, तीही दुसऱ्या कुणाकडून. त्याला पुढची पेटी आमच्याकडून घ्या असं म्हणायला कारण लागतं. ते कारण आंब्यातच आहे. हापूसमध्ये कधीकधी साका निघतो, म्हणजे आतला गर पांढरट, स्पंजसारखा आणि बेचव होतो. बाहेरून तो दिसत नाही, वासावरून कळत नाही, पिकवणाऱ्याचा त्यात दोष नसतो. म्हणून सातवी स्लाइड अशी: ‘सगळं नीट करूनही साका निघाला तर? तो कापल्याशिवाय कळत नाही. आमच्या पेटीत निघाला तर फोटो पाठवा, तेवढे आंबे बदलून देऊ.’ बागायतदार खरोखर बदलून देणार असतील तरच हे लिहायचं. पण लिहिलं की वाचणाऱ्याच्या मनात आठव्या स्लाइडआधीच प्रश्न येतो: यांच्याकडून मागवायची कशी?

इथे तांत्रिक मर्यादा आडवी येते. साध्या पोस्टमधल्या चित्रावरची लिंक किंवा नंबर दाबता येत नाही. कॅप्शनमधली लिंकही उघडत नाही. बायोतली लिंक उघडते, पण त्यासाठी वाचणाऱ्याला पोस्ट सोडून खात्याच्या पानावर जावं लागतं. चित्रातला दहा आकडी नंबर लक्षात ठेवून दुसरीकडे टाइप करणं तर त्याहून कठीण. म्हणून शेवटची स्लाइड पारखताना मी एकच गोष्ट विचारते: वाचणाऱ्याचं बोट आता नेमकं कुठे जाणार? ‘आम्हाला संपर्क करा’ याला उत्तर नाही. ‘आम्हाला इथेच मेसेज करा, फक्त “पेटी” एवढं लिहा. दर आणि पोहोचण्याची तारीख कळवतो’ याला आहे. काय करायचं, किती लिहायचं आणि केल्यावर काय होईल, तिन्ही त्यात आलं. ज्याला व्हॉट्सअ‍ॅपच सोयीचं वाटतं त्याच्यासाठी बायोत `wa.me` ची लिंक असू द्यावी, पण स्लाइडवर दोन वाटा दाखवू नयेत.

पोस्ट टाकण्याआधीची शेवटची परीक्षा माणसावर घ्यायची. ज्यानं हे काम पाहिलेलं नाही अशा कुणाच्या तरी हातात फोन द्यायचा, काही समजावून सांगायचं नाही आणि पडद्याकडे न बघता अंगठ्याकडे बघायचं. अंगठा जिथे मागे फिरतो, तिथे आधीचा मजकूर समजलेला नसतो. जिथे न थांबता दोन स्लाइड्स ओलांडतो, तिथली एक अनावश्यक असते. जिथे बराच वेळ थांबतो, तिथे एकतर मजकूर जास्त आहे किंवा माणूस मन लावून वाचतोय, आणि हे त्याच्या चेहऱ्यावरून कळतं. शेवटी फोन परत घेऊन विचारायचं, आता तुम्हाला काय करायला सांगितलं होतं? ‘आंबे मागवायचे होते ना’ हे उत्तर अर्धं आहे. ‘पेटी असा मेसेज करायचा होता’ हे पूर्ण.

पोस्ट पडल्यावर आकडे दिसतात, पण ते जपून वाचावेत. सेव्ह पुष्कळ आणि मेसेज थोडे असतील तर कृती लोकांना उपयोगी वाटली, पण सातवी-आठवीचा सांधा कच्चा राहिला असण्याची शक्यता अधिक. पोस्ट पुष्कळांपर्यंत पोचली आणि सेव्ह, शेअर, मेसेज सगळंच थोडं असेल तर संशय पहिल्या दोन स्लाइड्सवर. तुलना करायची ती आपल्याच आधीच्या कॅरोसेलशी, आणि तीही त्याच हंगामातल्या. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात टाकलेली हापूसची कुठलीही पोस्ट जूनमधल्या पोस्टपेक्षा पुढे जाणार, त्यात डिझाइनचा वाटा किती हे आकडा सांगत नाही.

हंगामाचीच आणखी एक गोष्ट. सेव्ह केलेला, एकमेकांना पाठवलेला कॅरोसेल महिनोनमहिने फिरत राहतो. शेवटच्या स्लाइडवर ‘या वर्षीचा दर’ किंवा ‘३१ मेपर्यंत’ असं चित्रात लिहून ठेवलं तर जूनपासून ती स्लाइड खोटं सांगते, आणि प्रसिद्ध झालेल्या चित्रातला मजकूर दुरुस्त करता येत नाही. कॅप्शन मात्र केव्हाही बदलता येतं. म्हणून दर आणि तारखा कॅप्शनमध्ये ठेवायच्या, स्लाइडवर फक्त ‘पेटी’ हा शब्द. हंगाम संपला की कॅप्शनची पहिली ओळ बदलायची: ‘यंदाचे आंबे संपले. “पेटी” लिहून ठेवा, पुढच्या मार्चमध्ये पहिल्यांदा तुम्हाला कळवू.’ आणि त्या मेसेजची नावं एका वहीत उतरवून ठेवायची.